आयडिया डेच्या भाषणात अर्धवट कल्पना कशी मांडावी?

प्रश्न: चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सीनियर इंजिनीअर आहे. पुढच्या महिन्यात प्लांटमध्ये आयडिया डे आहे आणि एचआरने मला २० मिनिटं बोलायला सांगितलंय. विषय दिलाय ‘अर्धवट कल्पनाही न घाबरता मांडा’. समोर ऑपरेटर, ट्रेनी, सुपरवायझर आणि पहिल्या रांगेत प्लांट हेड. मागच्या वर्षीच्या वक्त्याला टाळ्या भरपूर पडल्या, पण नंतर कुणी तोंड उघडलं नाही. मी नेमकं काय बोलू?

उत्तर:

मागच्या वर्षी भाषण कमी पडलं असेल असं मला वाटत नाही. हॉलमधल्या लोकांनी आपला हिशोब केला आणि तो बरोबर केला. कल्पना मांडली की तीनपैकी एक गोष्ट होते. चारचौघांत हसं होतं. किंवा ‘छान आहे, तूच करून दाखव’ म्हणून ते काम सुचवणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. किंवा कल्पना चालते आणि मग तासाचं टार्गेट वाढतं. कंत्राटी कामगाराला चौथीही भीती असते, पण ती तो कुणाला सांगणार नाही. यापेक्षा झाकली मूठ बरी. ‘घाबरू नका’ म्हटल्याने यातलं काहीच बदलत नाही, म्हणून हे वाक्य भाषणातून काढून टाका. ‘कोणतीही कल्पना वाईट नसते’ हेही काढा. मशीनवर काम करणाऱ्या माणसाला ते खोटं आहे हे पक्कं माहीत असतं, आणि तिथून पुढचं तुमचं सगळंच त्याला खोटं वाटू लागतं.

तुमच्या हातात खरं तर एकच गोष्ट आहे: अर्धवट कल्पना कशी दिसते आणि ती मांडल्यावर तिचं काय होतं, हे सगळ्यांसमोर एकदा करून दाखवणं. २० मिनिटांत तेवढं नीट झालं तरी पुष्कळ.

त्याआधी प्लांट हेडशी बंद दाराआड १५ मिनिटं बोलून घ्या. भाषणाचा निम्मा निकाल तिथेच लागतो. त्यांच्याकडून दोन गोष्टींची खात्री हवी. त्या दिवशी आलेल्या कल्पनेमुळे कुणाचं टार्गेट लगेच वाढणार नाही आणि त्या लाइनवरचा माणूस कमी होणार नाही, ही पहिली. दुसरी, प्रत्येक कार्डाला ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर मिळेल, मग ते ‘नाही’ का असेना. १० कामाचे दिवस पुरतात. ते हो म्हणाले तर हे त्यांनाच स्टेजवर दोन वाक्यांत सांगू द्या. नाही म्हणाले तर तुम्ही त्यांच्या वतीने काही कबूल करू नका आणि सायकल टाइमचा विषयच टाळा. तेव्हा लोकांकडून फक्त क्वालिटी, मेंटेनन्स आणि अंगमेहनत कमी करण्याच्या कल्पना मागा. कंपनीत सध्या माणसं कमी करण्याची चर्चा चालू असेल, तर तुमच्या भाषणाने फार फरक पडणार नाही, हेही आत्ताच समजून असा.

आता भाषण. स्वतःची एक कल्पना निवडा, आणि ती खरोखर अर्धवट हवी. इथेच बहुतेक सीनियर लोक चुकतात. ते जुनी, यशस्वी झालेली कल्पना काढतात आणि ‘तेव्हा ती अर्धवट होती’ असं सांगतात. ऐकणाऱ्याला शेवट आधीच कळलेला असतो, त्यामुळे तो एवढाच अर्थ काढतो की कल्पना यशस्वी होणार असेल तरच मांडावी. ३एम कंपनीच्या पोस्ट-इट या चिकट चिठ्ठ्यांची गोष्ट याच कारणासाठी फसते. तिच्यातला आपल्या कामाचा भाग सहसा कुणी सांगतच नाही: स्पेन्सर सिल्व्हरने तो कमकुवत चिकटा १९६८ साली केला, त्याचा उपयोग काय हे माहीत नसताना तो कंपनीतल्याच लोकांना त्याबद्दल वर्षानुवर्षं सांगत राहिला, आणि ते ऐकलेल्यांपैकी आर्ट फ्रायला १९७४ साली त्याचा उपयोग सुचला. माल अमेरिकेत सगळीकडे विकायला आला तो १९८० साली. ही गोष्ट सांगायचीच असेल तर मधल्या सहा वर्षांची सांगा. नसेल तर सोडून द्या, लोकांनी ती आधी ऐकलेली असते.

निवडलेली कल्पना तुमच्या रोजच्या कामातली हवी, उत्तर तुम्हाला आज माहीत नसावं आणि ती चुकीची निघायची बऱ्यापैकी शक्यता असावी. उदाहरण म्हणून मशीन शॉपमधलं एक घेतो. तुमच्याकडे काम वेगळं असेल तर आकडे बदला, सांगण्याचा क्रम तोच ठेवा.

समजा व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर, अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग होतं. त्यातल्या एका बोअरची खोली ४० मिमी, टॉलरन्स ±०.०२. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्या तीन-चार पीसची खोली कमी येते, १५ मायक्रॉनच्या आसपास. ऑपरेटर ऑफसेट देतो, म्हणजे टूल तेवढं खाली घेतो. तासाभराने खोली जास्त यायला लागते, मग तो ऑफसेट परत काढतो. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ‘मशीन जेवल्यावर आळसावते’ असा विनोदही शॉपवर झालेला आहे. तुमची अर्धवट कल्पना अशी: सुट्टीत टूल फिरवणारा स्पिंडल गार होऊन आखडतो, म्हणून टूल तेवढं खाली पोचत नाही. तेव्हा सुट्टीत स्पिंडल फिरवत ठेवावा का?

स्टेजवर ही कल्पना तीन ओळींत मांडा आणि तिन्ही ओळी स्क्रीनवर राहू द्या. पहिली, काय दिसलं: सुट्टीनंतर पहिल्या पीसची खोली कमी. दुसरी, काय वाटतं: स्पिंडल गार होत असावा. तिसरी, काय माहीत नाही: स्पिंडल खरंच किती गार होतो, आणि दोष त्याचाच आहे का. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि ती सीनियर माणसाने सगळ्यांसमोर वाचायची. ‘मलाही तुमच्यासारखीच भीती वाटायची’ असल्या कबुलीची गरज नाही. लोकांना तुमची भावना नको असते. तुमच्यासारख्यालाही कामातली एखादी गोष्ट माहीत नसते आणि ती सांगून तुमचं काही बिघडत नाही, हे त्यांना बघायचं असतं.

मग ढोबळ हिशोब करा, शक्यतो बोर्डावर हाताने. पोलाद एका अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. स्पिंडलची २०० मिमी लांबी ५ अंशांनी गार झाली तर १२ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे संशय अगदीच हवेतला नाही. इथे थांबू नका, लगेच स्वतःच्याच कल्पनेविरुद्धची बाजू मांडा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, मीटरमागे २३ मायक्रॉन. पीस मशीनवरून काढल्या काढल्या १० अंश जास्त गरम असेल, तर ४० मिमीची खोली नुसत्या उष्णतेनेच ९ मायक्रॉन जास्त दिसते. सुट्टीनंतरचे पहिले पीस गार कूलंटमुळे कमी गरम निघत असतील, तर त्यांची खोली ‘कमी’ दिसणारच. दोन्ही कारणांनी आकडा एकाच दिशेला सरकतो, त्यामुळे नुसता आकडा बघून दोष स्पिंडलचा की मोजण्याच्या वेळेचा हे सांगता येत नाही. दुसरं कारण खरं असेल तर रोज दिलेला ऑफसेटच पीस बिघडवतोय.

हे ऐकताना हॉलमध्ये हालचाल होते, कारण सीनियर माणूस स्वतःची कल्पना स्वतःच पाडताना सहसा दिसत नाही. आता हॉलला एकच प्रश्न विचारा: ‘यातलं कोणतं खरं हे स्वस्तात कसं कळेल?’ उत्तरासाठी निदान १० सेकंद गप्प राहा. स्टेजवर ते फार वाटतात, पण मध्येच बोललात तर उत्तर येणार नाही. कुणी काहीच बोललं नाही तरी तुमची तयारी असू द्या. सुट्टीनंतरचे पहिले आठ पीस ऑफसेटला हात न लावता काढायचे. मार्करने नंबर घालायचे. काढल्या काढल्या डायल गेजवर खोली मोजायची आणि तेच पीस तासभर सरफेस प्लेटवर ठेवून परत मोजायचे. तासाभरानंतर आठही पीस सारखे आले, तर स्पिंडल निर्दोष आणि दुरुस्ती मोजण्याच्या पद्धतीत. पहिले तीन-चार तरीही उथळ राहिले, तर स्पिंडलवरचा संशय बळावतो. मग दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या शेवटच्या १० मिनिटांत ऑपरेटर हजर असताना, दार बंद ठेवून, काही न कापता स्पिंडल नुसता फिरवायचा आणि परत आठ पीस बघायचे. खर्च शून्य, १६ पीस आणि दोन दिवस. मधे एखादा पीस टॉलरन्सबाहेर गेला तर प्रयोग थांबवून ऑफसेट द्यायचा, एवढी अट आधीच लिहून ठेवा.

मूळ कल्पनेचं काय झालं ते बघा. सुट्टीभर मशीन एकटं फिरवत ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीने बसत नाही, त्यामुळे ती होती तशी टिकलीच नाही. तरी तिच्यामुळे एक चांगला प्रयोग हाती आला. तुमचा नेहमीचा कायझेन फॉर्म वापरला असता तर ती पहिल्याच रकान्यात मेली असती, कारण तिथे विचारलेलं असतं: वार्षिक बचत किती, आधीचा-नंतरचा फोटो, अंमलबजावणीची तारीख. तो फॉर्म पूर्ण झालेल्या कामासाठी आहे आणि त्या कामापुरता चांगलाही आहे. अर्धवट कल्पनेला त्याच दारातून आत बोलावलं तर माणूस एकतर बचतीचा आकडा मनाने लिहितो, नाहीतर फॉर्मच भरत नाही. म्हणून आयडिया डेपुरतं वेगळं कार्ड छापून घ्या, पोस्टकार्डाएवढं, त्यावर वरच्या तीनच ओळी आणि नाव. ‘काय माहीत नाही’ ही ओळ रिकामी असेल तर कार्ड परत करायचं. हा उलटा नियम आहे, पण काम करतो: अडाणीपणा झाकायची सवय तिथेच मोडते.

एक धोका मात्र सीनियर माणसाच्या लक्षात येत नाही. तुम्ही स्टेजवर ‘स्पिंडल फिरवून बघावा का’ म्हणालात की सोमवारी एखादा उत्साही सुपरवायझर खरंच फिरवायला लागेल. ‘साहेब म्हणाले’ म्हणजे झालंच. तुमच्या प्रश्नाचा असा हुकूम होऊ नये म्हणून स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ‘हे अजून करायचं नाही’ असं लिहा आणि तोंडानेही सांगा.

यानंतर तीन मिनिटं, समोरून कल्पना आली की तिला उत्तर कसं द्यायचं यावर. हा भाग ऑपरेटरपेक्षा सुपरवायझर आणि मॅनेजर लोकांसाठी आहे, पण सगळ्यांसमोर बोलावा, म्हणजे नंतर आठवण करून देता येते. शॉपवर कल्पना मारणारी दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, ‘हे आधी करून झालंय.’ ते बऱ्याचदा खरंही असतं, त्यामुळे त्याला बंदी घालू नका, फक्त पुढचं वाक्य सक्तीचं करा: केव्हा, कोणत्या मशीनवर, काय आकडा आला. आकडा सांगता आला तर सुचवणाऱ्याचे श्रम वाचले. सांगता आला नाही, तर ‘करून झालंय’ हाही अंदाजच होता हे सगळ्यांना दिसतं. दुसरं, ‘डेटा आहे का?’ अर्धवट कल्पनेजवळ डेटा नसतो, म्हणूनच ती अर्धवट. त्याऐवजी ‘काय मोजलं तर कळेल?’ असं विचारायला सांगा. प्रश्न जवळजवळ तोच, पण आता उत्तर शोधायची जबाबदारी दोघांवर येते. आणि ‘नाही’ म्हणायचंच असेल तर कारणासकट म्हणा, गुळमुळीत ‘बघू’ नको. कारणासकट आलेला नकार माणूस पचवतो. ‘बघू’वर तो वर्षभर थांबतो आणि पुढच्या वर्षी हॉलमध्ये गप्प बसतो.

मग हात वर करायला सांगू नका. पाच मिनिटं सगळ्यांनी आपापल्या कार्डावर गुपचूप लिहायचं, प्लांट हेडनेही. यामागे चांगला आधार आहे. १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात असं दिसलं की एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं एकेकटी बसवली, तर त्यांच्या कल्पनांची एकूण बेरीज जास्त भरते. १९८७ साली डील आणि स्ट्रोबे यांनी याचं एक मोठं कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांच्या कल्पना अडकून राहतात. आपल्याकडे त्यात हुद्द्याची भर पडते. पहिला मॅनेजर बोलला की पुढचे सगळे त्याच्याच सुरात बोलतात. म्हणून लिहून झाल्यावर वाचायला सांगायचं तर सुरुवात ट्रेनीपासून करा आणि प्लांट हेडना शेवटी ठेवा. कुणाला वाचायचं नसेल तर कार्ड पेटीत टाकू द्या. नाव मात्र हवंच, कारण निनावी कार्डाला उत्तर देता येत नाही आणि कल्पना चालली तर श्रेय दुसराच घेऊन जातो. लोक नावच घालायला तयार नसतील, तर ती तुमच्या प्लांटबद्दलची महत्त्वाची माहिती समजा. त्या वर्षापुरतं नावाऐवजी फक्त लाइनचं नाव घ्या.

भाषेचंही तेच. स्लाइड इंग्रजीत असली की कार्डही इंग्रजीत लिहायचं असं लोक धरून चालतात, आणि मग शब्द शोधण्यात पाच मिनिटं जातात. मराठीत बोला, हॉलमध्ये बाहेरच्या राज्यातली मुलं असतील तर मधूनमधून हिंदीत. कार्डावर कोणत्याही भाषेत लिहा, चित्र काढलं तरी चालेल, हे मोठ्याने सांगा. फिक्स्चरबद्दलची अर्धी कल्पना शब्दांपेक्षा चित्रात लवकर उतरते.

वेळेची विभागणी विचाराल तर: पहिली दोन मिनिटं थेट ‘सुट्टीनंतर खोली कमी येते’ इथूनच सुरुवात, सात मिनिटं तुमची कल्पना आणि तिची उलटतपासणी, तीन मिनिटं उत्तर देण्याची रीत, पाच मिनिटं लिखाण, उरलेली तीन वाचनाला. आभार आणि स्वागत एचआरकडे सोपवा.

कार्डं हातात आली की पहिल्यांदा निराशा होईल. बरीच कार्डं कॅन्टीनच्या भाजीबद्दल, पंख्याबद्दल, बाथरूमच्या नळाबद्दल असतील. त्यांना हसू नका. लोक ज्यात काही धोका नाही अशी वस्तू पुढे करून उत्तर येतं का ते तपासत असतात. नळ पहिल्या आठवड्यात दुरुस्त करा, आणि कुणाच्या कार्डावरून केला ते बोर्डावर लिहा. मशीनबद्दलची कार्डं त्यानंतर येतात. एकूण कार्डांची संख्या हे यशाचं माप धरू नका, ती सक्तीनेही वाढवता येते. सुपरवायझरच्या खालच्या हुद्द्यावरून किती आली, तिसऱ्या ओळीत खरी अडचण किती जणांनी लिहिली आणि १० दिवसांत किती कार्डांना उत्तर गेलं, हे तीन आकडे बघा. चुकीच्या निघणाऱ्या कल्पना वाढल्या तर बिघडलं असं समजू नका. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त सापडली. तिथे लोक चुका झाकत नव्हते, असा त्याचा अर्थ निघाला.

शेवटी हद्दी सांगून ठेवतो, त्या भाषणातही एखाद्या मिनिटात याव्यात. धोकादायक काही दिसलं, म्हणजे गार्ड सैल आहे, इंटरलॉक बायपास केलाय, होइस्टची दोरी उसवलीय, तर ते कार्डावर लिहायचं नाही, त्याच क्षणी सुपरवायझरला सांगायचं आणि काम थांबवायचं. ग्राहकाने मंजूर केलेल्या प्रोसेसमध्ये कुणी स्वतःहून बदल करून बघायचा नाही. कल्पना कितीही मांडा, पण पॅरामीटरला हात लावायच्या आधी क्वालिटीची सही हवी, आणि गरज असेल तिथे ग्राहकाची परवानगी. प्रयोगाचे पीस वेगळे ठेवून सगळेच्या सगळे तपासायचे. आणि हॉलमध्ये व्हेंडर, ग्राहक किंवा कॉलेजची मुलं पाहुणे म्हणून येणार असतील, तर पेटंट होऊ शकेल अशी नवी रचना त्यांच्यासमोर वाचू देऊ नका. अर्ज करण्याआधी बाहेरच्यांना उघड झालेल्या गोष्टीचं नवेपण पेटंटसाठी धोक्यात येतं. तशी कार्डं पेटीतच राहू द्या आणि पाहुणे गेल्यावर उघडा. कार्यक्रमाची वेळ ठरण्याआधी एचआरला पाहुण्यांची यादी मागून घ्या.